सदतीस रुपये किलोमीटर

नाशिक, ५ जानेवारी २०२६

चि. ओंकार,

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं कोटेशन मिळालं. सोबतचा निळ्या गाडीचा फोटोही मिळाला. गाडी देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही. खाली तू लिहिलंस, "मामा, हप्ता फक्त साडेबावीस हजार बसतो, आरामात झेपेल." त्या 'फक्त'वर माझी नजर अडकली, म्हणून फोन न करता पत्र लिहायला बसलो. फोनवर आकडे हरवतात आणि तू मध्येच "हो मामा, हो मामा" म्हणून सुटतोस.

एकतीस वर्षं मी विमा कंपन्यांसाठी अपघातग्रस्त गाड्यांचा सर्व्हे केला. लोक गाडी शोरूममध्ये बघतात, मी ती क्रेनवर बघितली. त्यामुळे गाडीकडे बघण्याची माझी नजर थोडी बिघडलेली आहे हे आधीच कबूल करतो.

कोटेशनपासून सुरुवात करू. एक्स-शोरूम किंमत १५ लाख. आपल्या राज्यात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १ लाख ८० हजार. विमा ६० हजार, नोंदणी वगैरे १० हजार, टीसीएस १५ हजार, आणि शेवटी एक्स्टेंडेड वॉरंटी व अ‍ॅक्सेसरीज मिळून ३५ हजार. एकूण १८ लाख. यातले टीसीएसचे १५ हजार इन्कम टॅक्सचं रिटर्न भरताना तुझ्या खात्यात जमा धरले जातात, ते विसरू नकोस. बाकी रकमेत एक गोष्ट सेल्समन सांगणार नाही. ही गाडी चार मीटरपेक्षा लांब आहे, म्हणून सप्टेंबर २०२५ पासून तिला ४० टक्के जीएसटी लागतो. १५ लाखांमधले जवळजवळ ४ लाख २९ हजार तोच आहे. त्यात रोड टॅक्स मिळवला की ६ लाखांच्या वर गेले. म्हणजे तू १८ लाख मोजतोस, त्यातला एक तृतीयांश पैसा गाडीचा नाहीच. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तोच जीएसटी १८ टक्के आहे. लांबीत वीत-दोन वीत जास्त, करात बावीस टक्के जास्त.

आता घसारा. विम्यात गाडीची किंमत ठरवायचा जुना तक्ता आहे, आम्हाला तो पाढ्यासारखा पाठ असायचा. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, मग दर वर्षी २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षापर्यंत ५०. हे वजा होतं कंपनीच्या किमतीतून. रोड टॅक्स तर साधारण पॉलिसीत मोजतच नाहीत, तो पहिल्याच दिवशी गेला. पंधरा वर्षांचा टॅक्स तू एकरकमी भरतोस आणि तुझ्यानंतर ती गाडी घेणारा त्या टॅक्सवर फुकट फिरतो.

हा तक्ता आणि तुझं कर्ज शेजारी ठेवून बघितलं तर काय दिसतं? तुझ्याकडे ४ लाख आहेत, १४ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी. हप्ता २२,५२५. तीन वर्षांनी तू डाऊन पेमेंटसकट १२ लाख ११ हजार भरलेले असतील आणि बँकेचे अजून ९ लाख ५ हजार बाकी असतील. त्याच दिवशी गाडीची विम्यातली किंमत १५ लाखांतून ४० टक्के वजा जाता ९ लाख. आता समज गाडी टोटल लॉस झाली. विम्याचे ९ लाख आधी बँक घेणार, वर पाच हजार तुझ्याकडून मागणार आणि तू बारा लाख भरून रिक्षाने घरी जाणार. असा एक माणूस मी घोटीजवळ बघितला आहे. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. रस्त्याच्या कडेला बसून तो मला परत परत एकच विचारत होता, "म्हणजे माझ्या हातात काय येणार?" उत्तर माझ्या कागदावर होतं, पण ते तिथे, त्या उन्हात सांगवलं नाही.

असो. अपघात कशाला धरायचा, गाडी सात वर्षं सुखाने चालली असं धरू.

गाडीचा खरा खर्च काढायची रीत अगदी साधी आहे. ती घेतल्यापासून विकेपर्यंत खिशातून जे जे गेलं ते मिळवायचं, विकून जे आलं ते वजा करायचं आणि उरलेल्याला किलोमीटरने भागायचं. चूक होते ती दोन ठिकाणी. एक, लोक हप्ता आणि पेट्रोल मोजतात, पण वर्षातून एकदाच येणारा विमा आणि चार-पाच वर्षांतून एकदा येणारे टायर मोजत नाहीत. दोन, किंमत मोजली तर व्याज मोजत नाहीत, किंवा हप्ता मोजून वर पुन्हा किंमत मोजतात. मी हप्तेच धरतो, म्हणजे मुद्दल आणि व्याज दोन्ही त्यात आलं.

तुझं फिरणं किती? वाकडहून हिंजवडीला तू कंपनीच्या बसने जातोस. म्हणजे शनिवार-रविवार, महिन्यातून एखादी नाशिकची फेरी, सणावाराला सासरवाडी. वर्षाला १० हजार किलोमीटर म्हटले तरी मी उदार झालो. सात वर्षांत ७० हजार.

डाऊन पेमेंट ४ लाख आणि ८४ हप्ते मिळून २२ लाख ९२ हजार. यात व्याज ४ लाख ९२ हजार आहे. पहिला विमा कोटेशनमध्ये आला, पुढच्या सहा वर्षांचा सरासरी २८ हजार धरून १ लाख ६८ हजार. सर्व्हिसिंग, टायरचा एक सेट, बॅटरी, ब्रेक पॅड असं सगळं १ लाख ३५ हजार. पेट्रोल १०४ रुपये आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला १२ किलोमीटर धरून सात वर्षांचे ६ लाख ७ हजार. बेरीज ३२ लाख २ हजार. सात वर्षांनी गाडी ६ लाखांना गेली असं समजू. ती रक्कम आणि टीसीएस वजा केला की उरतात २५ लाख ८७ हजार. महिन्याला ३०,८०० रुपये, किलोमीटरला ३७ रुपये. पार्किंग, टोल, धुलाई मी मुद्दाम सोडली, कारण गाडी कुठलीही घेतलीस तरी तो खर्च जवळपास तोच राहतो.

सदतीस रुपये. घरापासून डी-मार्टला चार किलोमीटर जाऊन आलास की जाऊन-येऊन २९६ रुपये. आईने सांगितलेली कोथिंबीर विसरलास म्हणून पुन्हा गेलास तर आणखी २९६. इतकं खरं म्हणजे नसतं, कारण हप्ता आणि विमा गाडी जागेवर उभी असली तरी जातातच, जास्तीच्या फेरीला फक्त पेट्रोल आणि झीज लागते. पण याच्या उलट बाजूही आहे. गाडी जितकी कमी फिरेल तितका प्रत्येक किलोमीटर महाग. वर्षाला ५ हजारच फिरलास तर हा आकडा पासष्टच्या जवळ जाईल. ज्याचं फिरणं कमी त्यानेच महागडी गाडी घेणं हे म्हणूनच सगळ्यात वाईट गणित आहे, आणि तुझं फिरणं कमी आहे.

आता दुसरी बाजू. मी आयुष्यभर जुनी गाडीच घेतली, हे तुला ठाऊक आहे. म्हणून पहिल्यांदा तेच गणित मांडलं. पाच वर्षं जुनी, एका मालकाची, एक लिटर इंजिनची हॅचबॅक ३ लाख ८० हजारांना, नावावर करणं आणि सुरुवातीची किरकोळ कामं २० हजार, एकूण ४ लाख. म्हणजे तुझ्या डाऊन पेमेंटमध्येच आली, कर्ज नाही. सात वर्षांचा विमा ६३ हजार. जुनी आहे म्हणून दुरुस्ती जास्त धरली, क्लच आणि सस्पेन्शनसकट १ लाख ६० हजार. लिटरला १७ ने पेट्रोल ४ लाख २८ हजार. शेवटी १ लाखाला विकली. निव्वळ खर्च ९ लाख ५१ हजार, महिन्याला ११,३००, किलोमीटरला साडेतेरा रुपये.

मग सहज म्हणून तिसरं मांडलं, आणि तिथे माझ्याच मताला धक्का बसला. चार मीटरच्या आतली नवी कोरी छोटी गाडी. एक्स-शोरूम साडेसात लाख, ११ टक्के टॅक्स, विमा, नोंदणी धरून ८ लाख ८० हजार. तुझे ४ लाख आणि बाकीचं कर्ज चारच वर्षांसाठी, हप्ता ११,९४५. विमा, सर्व्हिसिंग, तेवढंच पेट्रोल, सात वर्षांनी ३ लाखांना विक्री. निव्वळ १२ लाख ८५ हजार, महिन्याला १५,३००, किलोमीटरला साधारण १८ रुपये. म्हणजे जुनी आणि नवी छोटी यांत महिन्याला चार हजारांचाच फरक. पण छोटी आणि मोठी यांत पंधरा हजारांहून जास्त. तीस वर्षं मी 'जुनी घ्या, जुनी घ्या' असं सांगत आलो, आणि खरी बचत गाडीच्या वयात नसून तिच्या आकारात आणि कर्जाच्या लांबीत आहे, हे म्हातारपणी वहीत सापडलं. मामीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तीस वर्षं मला खटाऱ्यात का बसवलंत?" यावर उत्तर नाही.

वाचणाऱ्या पैशाचं गुंतवणुकीत काय होतं ते सांगतो. पण इथे बहुतेक लोक स्वतःला फसवतात. ते म्हणतात, २२ हजारांचा हप्ता नको, त्याची एसआयपी करू, इतके लाख होतील. सात वर्षांनी मोठी गाडी सहा लाखांना विकली जाते आणि जुनी छोटी एकाच लाखाला, हा पाच लाखांचा फरक ते हिशेबात धरत नाहीत. आपण धरू.

मोठ्या गाडीला दर महिन्याला हप्ता, पेट्रोल, विमा आणि देखभाल मिळून ३३,३५० रुपये जातात. जुन्या छोट्या गाडीला ७,७५०. फरक २५,६००. यातले ५,६०० बँकेत रिकरिंग डिपॉझिटला टाक. सहा टक्क्यांनी सात वर्षांत त्याचे ५ लाख ८० हजारांच्या आसपास होतात, व्याजावरचा कर जाऊनही पाच लाखांचा फरक भरून निघतो. तेव्हा तुझी छोटी बारा वर्षांची झालेली असेल, पुढच्या गाडीसाठीही हाच डबा. आता उरलेले २० हजार खरोखर मोकळे झाले. ते निफ्टीच्या इंडेक्स फंडात दर महिन्याला टाकलेस तर सात वर्षांत तू १६ लाख ८० हजार भरतोस. वर्षाला सरासरी १० टक्के मिळाले तर २४ लाख १९ हजार होतील, ७ टक्के मिळाले तर २१ लाख ६० हजार. कमीही मिळू शकतात. सातव्या वर्षीच बाजार पडला तर महिनाभर वाईट वाटेल, त्यामुळे त्या वर्षी काढायलाच हवेत अशी गरज ठेवू नकोस. एकदम सगळे विकलेस तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर, १० टक्क्यांच्या हिशेबात सुमारे ८० हजार. तोही गणितात घे.

आणि विकायचे तरी कशाला? आज तू तिशीत आहेस. सात वर्षांनंतर एक रुपयाही न टाकता ते २४ लाख तसेच तेरा वर्षं पडू दिले, तर पन्नाशीला त्याच १० टक्क्यांनी साडेत्र्याऐंशी लाख होतात. हा आकडा वाचून लगेच हुरळू नकोस. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर आजच्या पैशात ते साडेएकतीस लाखच आहेत. तरीही एका निळ्या गाडीच्या बदल्यात साडेएकतीस लाख.

एसआयपीची तारीख मात्र ५ ठेव, जी हप्त्याची असती. 'महिनाअखेर उरेल ते टाकू' म्हणालास तर काही उरणार नाही. मोकळा पैसा हॉटेलच्या बिलात कसा जातो ते तुझ्या क्रेडिट कार्डाला विचार.

आता विरुद्ध बाजू, कारण तिथे माझं गणित थांबतं. पाच वर्षांपूर्वीच्या काही स्वस्त मॉडेलना शेजारच्या सीटला एअरबॅगच नसे. नव्या गाडीला दोन एअरबॅगची सक्ती जानेवारी २०२२ पासून सगळ्या मॉडेलना लागू झाली. तुझ्या घरी एप्रिलमध्ये बाळ येतंय आणि कसाऱ्याच्या घाटात नाही तरी पुणे-नाशिक रस्त्यावर तुम्ही जाणारच. मी आत घुसलेले डॅशबोर्ड बघितलेत. म्हणून माझं मत असं की तू नवी छोटीच घे, पण शोरूममध्ये जाण्याआधी भारत एनकॅपमध्ये तिला किती तारे आहेत ते बघ आणि सनरूफचे पैसे वाचव. मोकळे पैसे त्यात थोडे कमी होतील. पहिली चार वर्षं १४ हजार आणि कर्ज फिटलं की २६ हजार महिन्याला टाकता येतील. यातही विक्रीतला तीन लाखांचा फरक आहे, त्याचा डबा वेगळा ठेवायचा. ते चालेल.

समजा तरीही जुनीच घ्यायची ठरली, तर ज्या गोष्टींनी माझी फसगत टळली त्या सांगतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरात बुडलेली आहे. कार्पेट उचलून सीटच्या खालचे बोल्ट बघ, गंज तिथे लपत नाही. फेंडर आणि बॉनेटच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरचटलेला दिसला तर तो भाग कधीतरी उतरवलाय, का उतरवला ते विचार. सगळ्या काचांवर बनवल्याचं साल असतं, एकीचं वेगळं निघालं तर ती बदललेली आहे. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात. मीटरवर ३५ हजार आणि पायाखालचे ब्रेकचे रबर गुळगुळीत, असं असेल तर मीटरवर विश्वास नको, पायावर ठेव. अजून एक, एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नसतात. पाइप आणि सील फिटरकडून बघून घे.

कागदांत परिवहनच्या साइटवर नंबर टाकून कर्जाचा बोजा आणि चलनं बघ. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या त्याच दिवशी घे. आणि हे आमच्या धंद्यातलं खास, विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घे. एका शिक्षकाने जुनी गाडी घेतली, आरसी नावावर केली, विमा मात्र जुन्या मालकाच्याच नावावर ठेवला. दोन महिन्यांनी गाडी झाडाला धडकली. एक लाख चाळीस हजारांचं काम होतं, सर्व्हे मीच केला, आणि कंपनीने एक रुपयाही दिला नाही. नियमाने ते बरोबरच होतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. म्हणून तुझ्या बाबांची मारुती विकाल तेव्हा त्यांचं बोनसचं सर्टिफिकेट मागून ठेवा. ते नव्या गाडीच्या विम्यातल्या ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत सूट देतं, फक्त गाडी बाबांच्या नावावर घ्यावी लागेल.

आणि मोठीच हवी असं मनाने घेतलंच असेल तर मी अडवणारा कोण? एवढंच कर. जानेवारी ते जून, सहा महिने, दर पाच तारखेला ३३ हजार वेगळ्या खात्यात टाक, जणू गाडी दारात उभी आहे. बसने, रिक्षाने फिर, बाळाच्या दवाखान्याचा खर्चही त्याच काळात येऊ दे. जूनअखेर त्या खात्यात १ लाख ९८ हजार शाबूत असतील तर गाडी घे, मी पेढे खाईन. मध्ये दोनदा त्यातून काढावे लागले तर कोटेशनचा कागद मला परत पाठव.

शोरूमला शब्द दिला नाहीस ना अजून? दिला असलास आणि ११ हजार बुकिंगचे भरले असलेस तर आधी परतीची अट लेखी बघ. पुढच्या रविवारी मी पुण्याला येतोय. जुन्या गाड्या बघायच्या असतील तर सकाळी आठच्या आत, कडक उन्हात रंग नीट दिसत नाही. टॉर्च आणि माझं लोहचुंबक मी आणतो. तुझ्या आईला सांग, गोड काही करू नको, शुगर वाढली आहे. थालीपीठ चालेल.

तुझा,
मामा

ता. क. सनरूफबद्दल. पावसाळ्यात त्याच्या निचऱ्याची नळी पानांनी तुंबते आणि पाणी आतल्या छताच्या कापडात उतरतं. ते काम किती रुपयांचं ते मी पत्रात लिहीत नाही, गाडी घेणाऱ्याचा उत्साह मावळतो.